वस्तीची गाडी: चवथीच्या दुसऱ्या संध्याकाळी फाट्यावर अडकलेल्या दोघींचं प्रकरण

माझी पुतणी आणि तिच्या सासूबाई केरी-सांखळी रस्त्यावरच्या एका फाट्यावर अडकल्या होत्या. तारीख ८ सप्टेंबर २०२४, वार रविवार, चवथीचा दुसरा दिवस. सासूबाईंचं माहेर त्या फाट्यापासून आत तीनेक किलोमीटरवर. दोघींना परत डिचोलीला यायचं होतं. अंतर सगळं मिळून सतरा-अठरा किलोमीटर, एरवी तासाभराचं काम. घरी पोचायला पावणेदहा वाजले. वाईट काही घडलं नाही. पण मी चौदा वर्षं याच भागातल्या खासगी बसवर कंडक्टर होतो, त्यामुळे त्या साडेतीन तासांत कुठे काय चुकलं आणि कुठे बरोबर पाऊल पडलं ते मला तुकड्यातुकड्याने दिसतं. ते इथे मांडतो. गावाचं नाव घालत नाही, कारण गावाची यात काही चूक नाही.

आधी त्या दिवसाबद्दल. चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या खासगी बसचं वेळापत्रक कागदावरच राहतं. ड्रायव्हरच्या घरी गणपती, कंडक्टरच्या घरी गणपती, मालकाच्या घरी तर आहेच. त्यात रविवार. कोणती फेरी बंद आहे हे आधी कोणी सांगत नाही, कारण खुद्द मालकालाच ते दुपारी कळतं. आतून सांखळीकडे जाणारी सहा पस्तीसची गाडी त्या दिवशी सुटलीच नाही. दोघींना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. सासूबाईंच्या भाच्याने सव्वासहाच्या सुमाराला त्यांना दोन खेपांत मोटारसायकलवरून फाट्यावर आणून सोडलं आणि तो लगेच वळला. घरचा गणपती दीड दिवसाचा, विसर्जनाला त्याची वाट बघत होते. मी त्याला दोष देत नाही. पण सोडायला आलेला माणूस गाडी येण्याआधी परत गेला की फाट्यावरच्या माणसाचा परतीचा रस्ता तुटतो. इथे तेच झालं. पुढे तासभर भाचा ओहोळावर होता आणि तिथे फोन लागत नाही.

सहा पन्नासला एक बस आली. सांखळीकडून आली आणि आत गावाकडे वळायला लागली. पुतणीने हात दाखवला. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "वस्तीची, वस्तीची!" आणि गाडी वळून गेली.

पुतणी लहानपणापासून शहरात वाढलेली. तिला वाटलं वस्ती म्हणजे आतला कुठलासा वाडा, गाडी तिथवर जाऊन परत फिरेल. सासूबाई मागे निवाऱ्यातल्या बाकावर गुडघे चोळत बसल्या होत्या, त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी ऐकलं असतं तर कळलं असतं. वस्तीची गाडी म्हणजे रात्री मुक्कामाला जाणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच देवळाच्या सभामंडपात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून बाहेर निघते.

आतल्या गावांची शेवटची बस कशी असते हे इथे समजून घ्यायला हवं. शहरातून गावात येणारी शेवटची बस आणि गावातून शहरात जाणारी शेवटची बस यांच्या वेळा एक नसतात. बाहेर जाणारी आधी संपते. आत येणारी त्यानंतर येते आणि तिथेच थांबते. म्हणून संध्याकाळी फाट्यावर उभं असताना एखादी बस आत जाताना दिसली की ती परत येणार असं मनात येतं, आणि नेमकी तीच परत येत नाही. माझ्या नोकरीत असे कितीतरी लोक मी फाट्यावर बघितले. पहाटे आम्ही गाडी काढायचो तेव्हा कोणीतरी सांगायचं, "काल रात्री तुमची वाट बघत होतो."

हे ओळखायचं कसं? "परत येणार का?" असं विचारू नये. घाईत असलेला कंडक्टर मान हलवतो, आणि ती मान कुठल्या प्रश्नाला हलली ते कळत नाही. विचारायचं, "सांखळीला परत किती वाजता?" परत जाणारी गाडी असेल तर उत्तर वेळेचं येतं, "सव्वासातला" किंवा "दहा मिनिटांनी". वस्तीची असेल तर उत्तर येतं "सकाळी". यात गोंधळाला जागा राहत नाही.

पुतणीने विचारलं नाही, आणि त्या दोघी त्या गाडीची वाट बघत बसल्या. पन्नास मिनिटं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं खरं नुकसान एवढंच. सूर्य पावणेसातच्या आसपास मावळला होता, पण संधिप्रकाश होता. फाट्यावरचा गाडा अर्धवट उघडा होता, विसर्जनाला जाणारी माणसं रस्त्यावर होती, आणि वस्तीच्या गाडीत बसून माहेरी परत जाणं हा सगळ्यात सोपा मार्ग हातात होता. पंधरा मिनिटांत त्या पुन्हा ओळखीच्या घरात पोचल्या असत्या आणि पहाटे त्याच गाडीने निघाल्या असत्या. घरी जायचं असताना उलट्या दिशेला जाणाऱ्या गाडीत बसावं हे डोक्यात येत नाही. मलाही आलं नसतं, कंडक्टर नसतो तर. साडेसातला गाडेवाल्याने फळ्या लावल्या आणि तोही गेला. सात चाळीसला तिथे अंधार, पावसाची बारीक सर आणि त्या दोघीच.

निवारा हा सिमेंटचा, तीन बाजूंनी भिंती, समोर उघडा. दिवसा ठीक आहे, कारण ड्रायव्हर तिथे बघतो. रात्री त्याचा काही उपयोग नाही. आतला माणूस रस्त्यावरून दिसत नाही, आतल्या माणसाला बाजूने येणारा दिसत नाही, आणि बाहेर पडायला एकच बाजू. पावसाळ्यात सत्तरी तालुक्याच्या बाजूला अशा निवाऱ्यांच्या कोपऱ्यात आणि बाकाखाली साप आडोशाला येतात. टॉर्च मारल्याशिवाय पाय आत घालू नये, हे गावातली पोरंही जाणतात. सासूबाईंनी तेवढं मात्र आपण होऊन केलं होतं.

एवढ्यात एक मोटार थांबली. पांढरी नंबरप्लेट, आत दोन पुरुष. काच खाली करून म्हणाले, "सांखळीला सोडू का?" सासूबाई उठायलाच लागल्या होत्या, गुडघ्यांनी त्या मोटारवाल्यांची बाजू घेतली होती. पुतणी म्हणाली, "नको, आमची गाडी निघालीय, येईलच." तिने मोठ्याने सांगितलं आणि गाडीचा नंबर फोनमध्ये लिहून घेतला, तोही त्यांना दिसेल असा.

त्या दोघांबद्दल माझं काही म्हणणं नाही. चवथीच्या रात्री कोणीही भला माणूस दोन बायकांना बघून थांबेल, बहुतेक तसंच असणार. तरी पुतणीचं वागणं मला पटतं, आणि ते त्या माणसांच्या चेहऱ्यामुळे नाही. आपण कुणाला तरी हात करून थांबवतो, किंवा ओळखीच्या घरातून कुणाला तरी बोलावून घेतो, तेव्हा निवड आपली असते. अंधारात एकटं कोण उभं आहे हे बघून जो थांबतो त्याने आपल्याला निवडलेलं असतं. अशाला नकार देताना कारण द्यायची गरज नाही, "गाडी येतेय" हे पुरे. मी फोनवर तिला एक गोष्ट मात्र पक्की सांगितली. तीच गाडी दुसऱ्यांदा समोरून हळू गेली, तर वाट न बघता ११२ लावायचा. एकदा थांबणं ही मदत असू शकते, फिरून येऊन बघून जाणं ही मदत नव्हे. ती गाडी परत आली नाही.

मला फोन आला तो सात पन्नासला. इंटरनेट बंद, आवाज तुटत होता, फोनमध्ये बावीस टक्के. ती घाईघाईने सगळं सांगू बघत होती. मी म्हटलं, "आधी मला एवढंच सांग, तुला कुठे उजेड दिसतोय आणि तिथे माणूस आहे का?"

ती म्हणाली, "समोर रस्त्याचा दिवा आहे, काका. पलीकडे बार आहे, पण बंद. आणि केरीच्या बाजूला एक घर आहे, तिथे घुमट वाजतंय."

घुमट म्हणजे आपल्याकडे आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य. मी विचारलं, "घुमट चालू आहे? नक्की?"

"हो, आरती चाललीय."

मग पुढचं ठरवायला फारसा विचार लागला नाही. रस्त्याच्या दिव्याखाली उभं राहणं बऱ्याच जणांना सुरक्षित वाटतं. पण त्या दिव्याखाली आपणच तेवढे दिसतो आणि आपल्याला कडेच्या अंधारातलं काही दिसत नाही. उजेडापेक्षा माणसं महत्त्वाची, आणि ती माणसं थांबणारी हवीत. बार उघडा असता तर मी त्याचा विचार केला असता. आपल्याकडे बऱ्याच बारच्या मागच्या खोल्यांतच मालकाचं कुटुंब राहतं आणि गल्ल्यावर बाई असते. अशा ठिकाणी बाहेरच्या पायरीवर बसण्यापेक्षा सरळ गल्ल्याजवळ जाऊन तिच्याशी बोलावं. आणि बसण्याआधी विचारावं, "किती वाजता बंद करता?" दुकान, बार, पेट्रोल पंप, कुठेही हाच पहिला प्रश्न. आपली गाडी नऊला येणार आणि दुकान साडेआठला बंद होणार असेल तर ते दुकान आपल्या उपयोगाचं नाही, मग कितीही झगमगाट असो.

घराचं मात्र वेगळं. त्या रात्री दीड दिवसाचे गणपती असलेली घरं रिकामी होती, सगळे ओहोळावर किंवा तळीवर गेलेले. ज्या घरात संध्याकाळी घुमट वाजतंय त्या घरातला गणपती अजून बसलेला आहे, बहुधा पाच दिवसांचा. म्हणजे घर रात्री उशिरापर्यंत जागं राहणार, शेजारपाजारचे आरतीला येणार-जाणार, अंगणात पोरं असणार. आवाजावरून एवढं कळतं. वर्षाच्या इतर दिवसांत कुठल्या घरात जायचं ते असं ठरत नाही, हे खरं. तेव्हा बाहेर चपलांची गर्दी, अंगणात वाळत घातलेले कपडे, बायकांचे आवाज हे बघायचं.

घर साधारण दोनशे मीटरवर होतं. मी सांगितलं, रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तोंडासमोर दिसते, मागून येणारी दूरच्या कडेने जाते. टॉर्च पायांपुढे जमिनीवर ठेवा, गवतात पाय घालू नका, डांबराच्या कडेवरच चाला. सासूबाईंना तेवढ्याला सात-आठ मिनिटं लागली.

पायरीवर पोचल्यावर पुतणी "गाडी चुकली हो" म्हणून सुरुवात करणार होती, तिच्याआधी सासूबाई बोलल्या. "मी अमक्या वाड्यावरची, अमक्यांची लेक." आतून एक बाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या आत्याच्या शेजारच्या की!" पुढची ओळख करून द्यावी लागली नाही. गावात ओळखपत्र म्हणजे हेच. माहेरचा वाडा, देवाचं नाव, कुणाच्यातल्या ते. सासूबाईंना तिथून लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी ते चाललं. ज्याची अशी ओळख नाही त्याने सोप्यावर बसण्याची परवानगी मागावी, आत बोलावलं तरच जावं, आणि कुणाला तरी फोन लावून घरातल्या बाईचं त्याच्याशी बोलणं करून द्यावं. म्हणजे आपण कुठे आहोत हे बाहेर एका माणसाला माहीत आहे, हे दोन्ही बाजूंना समजतं. ताट घेऊन आलेल्या त्या बाईने पुतणीचा फोन चार्जिंगला लावून दिला.

बसण्याची जागा मिळाल्यावर मग गाडीचा विचार. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रस्त्यावर उभं राहून गाडी शोधताना माणूस मिळेल ती गाडी घेतो. सोप्यावर बसलेल्याला नाही म्हणता येतं.

चोर्ला घाटातून बेळगाव-पणजी गाड्या याच रस्त्याने जातात. तिथे बसल्या बसल्या दोघींनी दोन गाड्या जाताना बघितल्या. पुतणी म्हणाली, "काका, धावत जाऊन हात दाखवू का?" मी नको म्हटलं, आणि ते भीतीपोटी नाही. त्या फाट्याच्या आधी वळण आहे. वळण संपल्यावर ड्रायव्हरला फाट्यावरचा माणूस दिसतो तो साठेक मीटरवरून. ताशी पन्नासने आलेली बस सेकंदाला जवळपास चौदा मीटर जाते. बघितलं, ओळखलं, ब्रेकवर पाय नेला, यात एक-दीड सेकंद म्हणजे वीस मीटर गेलेच. ओल्या रस्त्यावर उभे प्रवासी न पाडता गाडी थांबवायला त्याला आणखी साठेक मीटर लागतात. तो थांबूच शकत नाही, आणि थांबायला गेला तरी मागच्या ट्रकचं काय? लांब पल्ल्याच्या गाडीला हात करायचा तर वळणापासून दूर, सरळ तुकड्यावर, उजेडात उभं राहायला हवं आणि टॉर्च ड्रायव्हरच्या डोळ्यांत न मारता स्वतःच्या हातावर मारायला हवी. बाकी या गाड्या ठरलेल्या ठिकाणीच थांबतात. केरीला तपासणी नाका आहे, तिथे गाडी हळू होते आणि पोलीस असतात. पण तो उलट्या दिशेला, सासूबाईंना चालत नेण्यासारखा नव्हता.

पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल. एकट्याला ती बरी पडते, पण दोघींना आणि पावसात नाही. ॲपवरची टॅक्सी अशा भागात दाखवली तरी येण्याची खात्री नसते. माझ्याकडे स्वतःची स्कूटर, तीही एका माणसापुरती. राहिला सांखळीचा टॅक्सीवाला, ज्याला मी वीस वर्षं ओळखतो. त्याच्या घरीही विसर्जन होतं. म्हणाला, "साडेआठला मोकळा होतो, नऊला पोचतो. येतानाचं भाडं पण धरावं लागेल हां." धरावंच लागतं, कारण रिकामी गाडी तिथवर फुकट कोणी आणत नाही. आधी ठरवलं नाही तर वाद दारात होतो. डिचोलीपर्यंत नऊशे ठरले.

पुतणीला मी तीन गोष्टी कळवल्या. गाडीचा नंबर, प्लेट पिवळी असणार, आणि ड्रायव्हर सासूबाईंच्या माहेरच्या वाड्याचं नाव सांगेल. हे संदेशाने पाठवलं, साध्या एसएमएसने, कारण इंटरनेट नसलं तरी तो एका काडीच्या सिग्नलवर जातो. टॅक्सी कुठे न्यायला येणार हेही ठरलं. फाट्यावर नाही, थेट त्या घराच्या दारात. पुन्हा काळोखात जाऊन उभं राहायचं नाही.

टॅक्सी नऊ दहाला आली. तोवर दोघींच्या पोटात नेवऱ्या आणि पातोळ्या गेल्या होत्या, आणि सासूबाई त्या बाईबरोबर कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाच्या गप्पांत पार बुडाल्या होत्या. पुतणीने मला नंतर सांगितलं की त्यांना उठवायला दहा मिनिटं लागली.

एक गोष्ट मी तेव्हा विसरलो आणि आठवली की खटकते. टॅक्सीवाल्याचा फोन लागला नसता तर? माझ्याकडे दुसरा मार्ग होता, पण मी तो दोघींना सांगितला नव्हता. त्याच घरात रात्र काढायची आणि पहाटे वस्तीच्या गाडीने निघायचं. हे आधीच बोलून ठेवलं असतं तर पुतणी त्या तासाभरात एवढी घाबरली नसती. तिला वाटत होतं की टॅक्सी आली नाही तर पुन्हा निवाऱ्यात जावं लागेल.

दोन दिवसांनी मी सांखळीच्या स्टँडवर त्या वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला भेटलो. ओळखीचा पोरगा, माझ्या वेळेला क्लीनर होता. त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काका, मी 'वस्तीची' म्हणून ओरडलो ना. गाडी अर्धी रिकामी होती. बसल्या असत्या तर मी दारात नेऊन सोडलं असतं."

मी म्हटलं, "तिला वस्ती म्हणजे गाव वाटलं रे."

"मग काय ओरडू?"

"सकाळी, असं ओरड."

परवा मी फाट्यावरून चाललो होतो तर तीच गाडी आत वळत होती. दारातून तो ओरडत होता, "वस्तीची, सकाळी परत! बसताय?"